मराठी विवाहदाखला अमेरिकेच्या व्हिसासाठी : भाषांतर आणि त्याखालची ती तीन वाक्यं

प्रश्न : माझं लग्न २०१९ मध्ये सातारा जिल्ह्यात झालं. ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला पूर्ण मराठीत आहे. जन्माचा दाखला १९९१ चा, हाताने लिहिलेला. माझे मिस्टर न्यू जर्सीत असतात, ते अमेरिकन सिटिझन आहेत आणि माझ्यासाठी आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरणार आहेत. एजंट म्हणतो, शासनमान्य भाषांतरकाराकडून करून नोटरी करावी लागेल. मिस्टर म्हणतात, तुझं इंग्रजी चांगलं आहे, तूच कर. सर्टिफाइड म्हणजे नक्की काय आणि त्यात काय लिहायचं असतं? शिवाय जन्मदाखल्यात वडिलांचं नाव बाळासाहेब आहे आणि माझ्या पासपोर्टवर बाळकृष्ण. ते भाषांतरातच नीट करून घेता येईल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यातच बाकीचं बरंचसं आलं. नाही, करून घेता येणार नाही, आणि कोणी करून देतो म्हणालं तर त्याच्याकडून भाषांतर करून घेऊ नका. ज्या कागदाखाली ‘हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे’ असं लिहून सही करायची, त्यात मूळ दाखल्यात नसलेलं नाव घालायचं म्हणजे ती सही खोटी. बाळासाहेबांचं काय करायचं ते शेवटी सांगते, त्याला वेगळा रस्ता आहे.

मी पुण्यात वीसेक वर्षं मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करते. त्यातले निम्म्याहून अधिक कागद जन्म, विवाह, मृत्यू आणि शाळा सोडल्याचे दाखले. तुमच्या एजंटचं म्हणणं चुकीचं आहे आणि मिस्टरांचंही पूर्ण बरोबर नाही.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा, म्हणजे यूएससीआयएसचा, याबाबतचा नियम एका वाक्याचा आहे. परक्या भाषेतला मजकूर असलेल्या प्रत्येक कागदासोबत त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. ते पूर्ण आणि अचूक आहे असं भाषांतरकाराने प्रमाणित केलेलं हवं, आणि त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करायला आपण सक्षम आहोत असंही त्यानेच प्रमाणित केलेलं हवं. झालं. त्यात ‘शासनमान्य’ हा शब्द नाही, नोटरी नाही, शिक्का नाही, परवाना क्रमांक नाही. म्हणजे ‘सर्टिफाइड’ हे विशेषण भाषांतरकाराला लागत नाही, भाषांतराला लागतं. जर्मनीसारख्या देशात न्यायालयात शपथ घेतलेले भाषांतरकार असतात आणि तिथल्या कचेऱ्या त्यांचंच भाषांतर मागतात. आपल्याकडे तशी देशपातळीवरची व्यवस्था नाही. त्यामुळे ‘गव्हर्न्मेंट अप्रूव्ह्ड’ अशी पाटी पाहिली की मी विचारते, कोणत्या सरकारने, कशासाठी? बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

आता प्रमाणनाचा मजकूर. खात्याने स्वतः सुचवलेला नमुना जेमतेम तीन ओळींचा आहे : मी अमुक अमुक, इंग्रजी आणि अमुक भाषा मला अवगत आहे, आणि सोबत जोडलेल्या अमुक शीर्षकाच्या कागदाचं हे अचूक भाषांतर आहे असं प्रमाणित करतो. खाली सही, तारीख, टंकलिखित नाव आणि पत्ता. मी त्यात थोडी भर घालते. तुमच्या विवाहदाखल्याखाली माझ्या हातून जे जाईल त्याचा मराठी आशय साधारण असा :

‘मी, (पूर्ण नाव), प्रमाणित करते की मला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम अवगत आहेत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे. ग्रामपंचायत (गाव), तालुका (अमुक), जिल्हा सातारा, महाराष्ट्र, भारत यांनी १२ जुलै २०२४ रोजी दिलेल्या, (पती) आणि (पत्नी) यांच्या नावे असलेल्या विवाह नोंदणी प्रमाणपत्राचं सोबतचं भाषांतर हे, शिक्के आणि हस्तलिखित नोंदींसह, मूळ मराठी कागदाचं पूर्ण आणि अचूक भाषांतर आहे. भाषांतराची पानं दोन.’ त्याखाली हाताने केलेली सही, छापील नाव, पूर्ण पत्ता, फोन, ईमेल आणि सहीची तारीख.

कागदावर हे अर्थातच इंग्रजीत लिहायचं. त्यात ‘कम्प्लीट’, ‘अॅक्युरेट’ आणि ‘कॉम्पिटंट’ हे तीन शब्द जसेच्या तसे आलेच पाहिजेत. लोक हौसेने ‘ट्रू ट्रान्सलेशन’ लिहितात. अर्थ तोच होतो, पण समोर फाइल घेऊन बसलेला अधिकारी नियमातले शब्द शोधत असतो. त्याला हवं तेच द्यावं.

या तीन वाक्यांतलं प्रत्येक वाक्य एक प्रश्न मिटवतं. कागदाचं वर्णन असतं ते हे प्रमाणन नेमकं कोणत्या कागदाचं ते पक्कं करण्यासाठी. ‘सोबतच्या कागदपत्रांचं भाषांतर’ असं मोघम लिहून एकच प्रमाणन दोन दाखल्यांना जोडणारे पुष्कळ आहेत. तुमच्या बाबतीत तर ते मुळीच चालायचं नाही, कारण दोन्ही दाखले वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कचेऱ्यांकडे जातील. आय-१३० सोबत विवाहाचा दाखला लागतो. तुमचा जन्माचा दाखला पुढे, अर्ज मंजूर होऊन प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेल्यावर, डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरताना लागतो. एकच प्रमाणन असेल तर दुसऱ्या वेळी ते सुटं पडतं आणि कशाचं आहे तेच कळत नाही. म्हणून कागद तितकी प्रमाणनं.

भाषेचं नाव लिहायचं ते दिशेसकट. मराठीतून इंग्रजीत. ‘इंडियन लँग्वेज’ असं लिहिलेलं प्रमाणन मी स्वतः पाहिलं आहे. काही दाखल्यांवर शिक्का हिंदीत असतो, जुन्या रेल्वे वसाहतींतल्या किंवा कॅन्टोन्मेंटच्या दाखल्यांवर हे दिसतं. तिथे मराठी आणि हिंदी दोन्ही लिहावं लागतं. आणि देवनागरी ही भाषा नव्हे, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

सही माणसाची हवी. एजन्सीचा गोल शिक्का आणि त्यावर कोणाची तरी वळणदार रेघ, खाली नाव नाही, असे कागद मला तपासायला येतात. नियम भाषांतरकाराचं प्रमाणन मागतो, तेव्हा कोणत्या माणसाने हे केलं ते वाचता आलं पाहिजे. तारीखही पाहून घ्या. सहीची तारीख मूळ दाखला दिल्याच्या तारखेच्या आधीची असेल तर ते भाषांतर त्या कागदाचं असूच शकत नाही. हे हास्यास्पद वाटेल, पण जुन्या प्रतीवरून भाषांतर करून ठेवायचं, नंतर ग्रामपंचायतीतून नवी प्रत आणायची आणि तेच भाषांतर नव्या प्रतीला जोडायचं, या घाईत ते सहज घडतं.

आणि प्रमाणनात काय लिहू नये तेही सांगते. मूळ दाखला खरा आहे, हे लग्न कायदेशीर आहे, या व्यक्ती मला माहीत आहेत, असलं काहीही नको. भाषांतरकाराला त्यातलं काही माहीत नसतं आणि त्याला कोणी विचारलेलंही नाही. तो फक्त आपल्या भाषेचा जामीन.

खरं काम ‘पूर्ण’ या शब्दात आहे. अचूक भाषांतर बऱ्याच जणांना जमतं, पूर्ण करायला कंटाळा आड येतो. सुरुवातीच्या काळात मीही इथेच पडले. एका जन्मदाखल्याच्या वरच्या कोपऱ्यात आडव्या अक्षरात ‘दुबार प्रत’ असं लिहिलेलं होतं. मला ते कारकुनी वाटलं, मी गाळलं. काही महिन्यांनी पक्षकाराला अमेरिकेतून जास्तीचा पुरावा मागणारं पत्र आलं : भाषांतर संपूर्ण नाही, संपूर्ण भाषांतर पाठवा. दोन शब्द. अशा पत्राला उत्तर द्यायला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात आणि ती मुदत वाढवून मिळत नाही. नवं भाषांतर मी त्याच रात्री करून दिलं, पैसे अर्थातच घेतले नाहीत, पण त्यांची फाइल तेवढी मागे पडली ती पडलीच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. दाखला समोर ठेवायचा आणि आधी मजकूर वाचायचाच नाही, फक्त कडा बघायच्या. वर काय छापलंय, कोपऱ्यात काय, समासात काय, शिक्के किती, पाठीमागे काही आहे का. मागची बाजू लोक स्कॅनच करत नाहीत. तिथे कधी सूचना असतात, कधी नक्कल अर्ज केल्याची, फी भरल्याची आणि प्रत दिल्याची तारीख असते.

गोल शिक्क्यातला मजकूर चौकटी कंसात लिहायचा : गोल शिक्का, ग्रामपंचायत अमुक, तालुका अमुक, जिल्हा सातारा. शाई पसरून दोन अक्षरं गेली असतील तर तेवढ्या जागी ‘अवाच्य’ असं इंग्रजीत लिहायचं. अंदाजाने भरायचं नाही, गावाचं नाव तुम्हाला पाठ असलं तरी नाही. सहीच्या जागी ‘सही’ एवढंच. ग्रामसेवकाचं नाव खाली छापलेलं असेल तर ते वेगळं लिहायचं, पण रेघोट्यांवरून नाव ओळखायचं नाही. रिकामा रकाना असेल तर ‘रिक्त’. आणि भाषांतराची मांडणी शक्यतो मुळासारखीच ठेवायची. मराठी न येणारा अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून रकान्याला रकाना जुळवतो. मुळात तक्ता असेल आणि तुम्ही परिच्छेद लिहिलात तर त्याला काही सापडत नाही.

तुमच्या विवाहदाखल्याची भाषा मला न बघता सांगता येईल, कारण तो १९९८ च्या महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियमाखालचा नमुना ‘ई’ असणार. पतीचं नाव, राहणार. पत्नीचं नाव, राहणार. यांचा विवाह अमुक दिनांकास अमुक ठिकाणी विधिसंपन्न झाला. त्याची नोंद नोंदवहीच्या अमुक खंडात अमुक अनुक्रमांकावर अमुक दिनांकास करण्यात आली. खाली निबंधकाची सही, शिक्का, दिनांक.

यात तारखा तीन आहेत आणि गोंधळ इथेच होतो. समजा लग्न ०३/०५/२०१९ ला झालं, नोंदणी २१/०६/२०१९ ला झाली आणि ही प्रत तुम्ही १२/०७/२०२४ ला काढली. आय-१३० मध्ये लग्नाची तारीख विचारतात ती पहिली. भाषांतरकाराने नोंदणीच्या तारखेला ‘डेट ऑफ मॅरेज’ म्हटलं, किंवा फॉर्म भरताना मिस्टरांनी प्रमाणपत्राच्या तळाची तारीख उचलली, की फॉर्म एक सांगतो आणि दाखला दुसरं. त्याहून मोठी भानगड म्हणजे अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०३/०५/२०१९ तसंच आकड्यांत ठेवलं तर तिथला माणूस ते ५ मार्च वाचतो. १२/०७ चं तर ७ डिसेंबर होतं. २१/०६ वाचताना तो अडखळेल, म्हणून निदान शंका घेईल. बाकीच्या दोन तारखा मात्र निमूटपणे चुकीच्या वाचल्या जातात. म्हणून भाषांतरात महिना नेहमी अक्षरी : ३ मे २०१९. आपल्याकडे दिवस आधी लिहितात यात शंका नसल्याने हा बदल म्हणजे मजकुरात ढवळाढवळ नव्हे. जुन्या कागदावर तिथी आणि शके लिहिलेलं असेल तर मात्र तिथी तशीच लिहायची. इंग्रजी तारीख मुळात नसेल तर ती भाषांतरकाराची टीप म्हणून वेगळी, टीप आहे असं सांगून द्यायची, आणि तीही पंचांग बघून. मूळ ओळीत ती घुसडायची नाही.

‘विधिसंपन्न झाला’ याला इंग्रजीत ‘सॉलेमनाइज्ड’ हा ठरलेला शब्द आहे. ‘रजिस्टर्ड’ वेगळं, ‘सॉलेमनाइज्ड’ वेगळं, आणि नमुना ‘ई’मध्ये दोन्ही क्रिया स्वतंत्र आहेत. हा फरक भाषांतरात राहिला की तारखांचा घोळ आपोआप कमी होतो. ‘मौजे’, ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’, ‘रा.’ ही सगळी संक्षेपरूपं सोडवून लिहायची. ‘तालुका’ मी तालुकाच ठेवते, काउंटी वगैरे करत नाही. ‘ग्रामसेवक’ रोमन लिपीत तसाच लिहून पुढे चौकटी कंसात गावाच्या पंचायतीचा सचिव असा खुलासा देते. ‘ऊर्फ’ला ‘अलायस’. ‘कै.’ म्हणजे दिवंगत, ते गाळलं तर हयात नसलेला माणूस कागदावर हयात होतो.

नावांकडे येऊ. देवनागरीतलं नाव रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिता येत नाही. ज्ञानेश्वरचा ‘ज्ञ’ कोणी डीएनवाय लिहितो, कोणी जीवाय. सुनीता आयने की डबल ईने, देशपांडेत शेवटी ई एकच की दोन. इथे भाषांतरकाराने पासपोर्ट मागून घ्यायचा आणि त्यातलं स्पेलिंग वापरायचं. ही लबाडी नाही. मूळ अक्षरं दोन्ही स्पेलिंगांना सारखीच जागा देतात, तेव्हा त्या व्यक्तीचं अधिकृत स्पेलिंग घेणं हेच बरोबर. म्हणून तुमच्या आणि मिस्टरांच्या पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत भाषांतरकाराला आधीच द्या. त्याने मागितली नाही तर थोडं सावध व्हा.

पण अक्षरंच वेगळी असतील तर पासपोर्टचा आधार संपतो. दाखल्यात ‘सुनिता’ ऱ्हस्व आणि शाळेच्या कागदावर ‘सुनीता’ दीर्घ, हे इंग्रजीत एकच होतं, सोडून द्या. ‘बाळासाहेब’ आणि ‘बाळकृष्ण’ ही मात्र दोन नावं आहेत. दाखल्यात बाळासाहेब असेल तर भाषांतरात बाळासाहेबच. तसंच लग्नाआधीच्या नावाचं. नमुना ‘ई’मध्ये पत्नीचं नाव बहुतेक वेळा माहेरचं असतं आणि तुमचा पासपोर्ट सासरच्या नावाने असू शकतो. तिथे पासपोर्टमधलं आडनाव दाखल्याच्या भाषांतरात आणायचं नाही. विवाहाच्या दाखल्याने नाव बदलत नाही. फॉर्ममध्ये पूर्वी वापरलेली नावं विचारणारा रकाना असतो, माहेरचं नाव तिथे लिहा, म्हणजे दुवा जुळतो.

१९९१ चा जन्मदाखला हस्तलिखित आहे म्हणताय, तर दोन गोष्टी बघून ठेवा. एक, बाळाच्या नावाचा रकाना भरलेला आहे का. त्या काळात जन्माची नोंद पाचव्या-सहाव्या दिवशी व्हायची आणि नाव बाराव्याला ठेवलं जायचं, त्यामुळे नोंदवहीत लिंग ‘स्त्री’ आणि नाव कोरं अशा असंख्य नोंदी आहेत. भाषांतरकार तिथे ‘रिक्त’ लिहिणार आणि तुमच्या नावाशिवायचा जन्मदाखला व्हिसासाठी जवळजवळ निरुपयोगी. नाव नंतर भरून घ्यायची सोय जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये आहे, ते काम ग्रामपंचायतीत करून घ्या. दुसरं, हस्ताक्षरातले आकडे. घाईत लिहिलेला १ आणि ९, ५ आणि ६ यांच्यात मला आजही कधीकधी भिंग लागतं. दाखल्यावरची जन्मतारीख पासपोर्टशी जुळते म्हणून ‘तसंच असणार’ असं म्हणत वाचू नका. खरंच वेगळी निघाली तर आता कळलेलं बरं.

म्हणून माझा सल्ला, भाषांतराला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीतून दोन्ही दाखल्यांची नवी प्रत काढा. हल्ली जन्माचा नमुना ५ बऱ्याच ठिकाणी संगणकावरून मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत निघतो. विवाहाचा दाखलाही काही ठिकाणी तसा मिळतो. स्वच्छ छापील द्विभाषिक प्रत मिळाली तर निम्मा त्रास वाचतो. तरी भाषांतर टळत नाही असं मी धरते, कारण नियमातले शब्द आहेत ‘परक्या भाषेतला मजकूर असलेला कागद’ आणि द्विभाषिक दाखल्यावर शिक्का आणि हाताने लिहिलेलं सहसा मराठीतच असतं. शिवाय त्या इंग्रजीत कारकुनाने टाइप केलेलं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं असेल तर? ते दाखल्यावरचं इंग्रजी आहे, भाषांतरकार ते बदलू शकत नाही. म्हणून खिडकीवरच वाचून घ्या आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

आता सही कोणाची. यूएससीआयएसच्या नियमात भाषांतरकार कोण असू नये हे लिहिलेलं नाही. त्या अर्थाने मिस्टरांचं म्हणणं पुस्तकी बरोबर आहे. पण अर्जात ज्यांचा थेट फायदा आहे त्या दोघांपैकी एकाने आपल्याच लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर अचूक असल्याची ग्वाही द्यायची, हे अधिकाऱ्याच्या नजरेत खुपू शकतं. त्यासाठी धोका घ्यावा इतकं हे काम महाग नाही. व्यावसायिक नको असेल तर दोन्ही भाषा नीट येणाऱ्या, नात्यात नसलेल्या ओळखीच्या कोणाला सांगा. इंग्रजी शिकवणारी मैत्रीण चालेल, मिस्टरांचा तिथला मराठी सहकारी चालेल. त्याने वर सांगितल्याप्रमाणे काम करायचं आणि स्वतःच्या नावाने सही करायची. तुम्ही कच्चा मसुदा करून दिलात तरी हरकत नाही, पण ज्याची सही आहे त्याने तो मुळाशी शब्द न् शब्द ताडलेला असला पाहिजे.

नोटरीबद्दल. आपल्या १९५२ च्या नोटरी कायद्यात भाषांतर करणं आणि पडताळणं हे नोटरीच्या कामांत लिहिलेलं आहे, त्यामुळे एजंट पूर्ण हवेत बोलत नाही. पण कचेरीबाहेरच्या टेबलावर जे होतं ते पडताळणी नसते. सही आपल्यासमोर झाली एवढंच तो शिक्का सांगतो, कित्येकदा तेवढंही नाही. तुमच्या कामाला तो लागत नाही. लावलात तर बिघडत नाही, फक्त एक सांभाळा : नोटरीचा लाल गोल भाषांतराच्या मजकुरावर येऊ देऊ नका. दोन वेळा मला पूर्ण पान नव्याने करावं लागलं आहे. आणि ‘ट्रू कॉपी’चा शिक्का म्हणजे भाषांतराचं प्रमाणन नव्हे. तो झेरॉक्स मुळाबरहुकूम आहे एवढंच सांगतो. अपोस्टिल हीदेखील तिसरीच गोष्ट. ती मूळ दाखल्यावरच्या सरकारी सहीची ग्वाही आहे, भाषांतराशी तिचा संबंध नाही, आणि आय-१३० साठी ती मागत नाहीत.

पाठवताना क्रम असा ठेवा : मराठी दाखल्याची दोन्ही बाजूंची स्पष्ट प्रत, मग भाषांतर, मग प्रमाणन. प्रमाणन भाषांतराच्या शेवटच्या पानावरच खाली मावलं तर उत्तम, सुटं पान हरवण्याची भीती नाही. यूएससीआयएसला प्रत चालते, मूळ दाखला पाठवू नका. पुढे नॅशनल व्हिसा सेंटरला जन्मदाखला अपलोड करताना मूळ आणि भाषांतर एकाच फाइलमध्ये जोडून द्या. मुलाखतीला मात्र मूळ दाखले, त्यांची भाषांतरं सोबत.

हे सगळं अमेरिकेपुरतं. उद्या कोणी मैत्रीण ब्रिटनसाठी हाच कागद वापरायला मागेल तर तिला सांगा की तिथे भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि सही, आणि त्याचे संपर्काचे तपशील लागतात. ब्रिटनमध्ये राहून अर्ज करत असेल तर त्याची पात्रताही लिहिलेली हवी. कॅनडाला नोटरी खरोखरच लागते, कारण तिथल्या प्रांतिक संघटनेचा प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतरकाराने शपथपत्र करावं लागतं. तिथे अर्जदाराने किंवा घरच्यांनी भाषांतर करायला स्पष्ट मनाई आहे, मावशी-मामा आणि आत्ये-मामे भावंडंसुद्धा त्यात येतात. एजंटने बहुधा कॅनडाचा नियम तुम्हाला लावला आहे.

राहिले बाळासाहेब. इथे दोन वाटा आहेत. नोंदवहीतली नोंदच चुकीची आहे असं दाखवता येत असेल, म्हणजे वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी नोकरीची कागदपत्रं यात बाळकृष्ण असेल, तर १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. ही दुरुस्ती मूळ नोंद खोडून होत नाही. समासात शेरा लिहून त्याखाली सही आणि तारीख घालतात. नव्या प्रतीवर असा शेरा उतरला असेल तर त्याचंही भाषांतर झालं पाहिजे, उलट तुमच्या दृष्टीने त्या कागदावरची सर्वात महत्त्वाची ओळ तीच. दुरुस्ती होत नसेल किंवा निबंधक खेटे घालायला लावत असेल, तर बाळासाहेब आणि बाळकृष्ण ही एकाच व्यक्तीची नावं असल्याचं शपथपत्र करा. वडील हयात असतील तर त्यांनीच करावं, नसतील तर काका किंवा आत्याने. ते थेट इंग्रजीत करून घ्या, म्हणजे त्याच्या भाषांतराचा खर्च नको, आणि जन्मदाखला व त्याच्या भाषांतरामागे जोडा. आय-१३० मंजूर होऊन जन्मदाखल्याची पाळी यायला बरेच महिने जातात, पण कलम १५ चा अर्ज आजच करा, कारण तिकडचा वेळ तुमच्या हातात नाही आणि ग्रामपंचायतीतला तर त्याहून नाही.